रंग लावण्याआधीचा अर्धा कागद

केसांच्या रंगाचा त्रास व्हायचा असेल तर तो लावतानाच होतो, असा बहुतेकांचा समज असतो. खरी अ‍ॅलर्जी मात्र एक-दोन दिवसांनी, कधी तीन दिवसांनी डोकं वर काढते. शनिवारी पार्लरमधून खुशीत घरी गेलेली बाई सोमवारी सकाळी सुजलेल्या पापण्या घेऊन उठते. कानामागे खाज, कपाळाच्या कडेला बारीक पुरळ, मानेवर लाली. जिथे रंग लावला ती डोक्याची कातडी त्यातल्या त्यात बरी असते आणि पापण्यांची नाजूक कातडी फुगते, त्यामुळे रंगावर कुणाचा संशयच जात नाही. रात्री काहीतरी चावलं असेल, नाहीतर वांगं बाधलं असेल. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडून गोळ्या येतात, चार-सहा दिवसांत सूज उतरते आणि पुढच्या महिन्यात पांढरी मुळं दिसू लागली की बाई पुन्हा त्याच खुर्चीत येऊन बसतात. पार्लरवालीला यातलं काहीच कळलेलं नसतं.

आणि दुसऱ्यांदा होणारा त्रास बहुधा पहिल्यापेक्षा जोरात असतो. शरीराने त्या रसायनाची ओळख एकदा पक्की केली की ती सहसा पुसली जात नाही.

हे टाळण्यासाठी पार्लरला कुठलं यंत्र घ्यावं लागत नाही. नवीन ग्राहक पहिल्यांदा आली की भरून घ्यायचा एक अर्ध्या पानाचा फॉर्म पुरतो. मोठ्या शहरांतल्या साखळी सलूनमध्ये असे फॉर्म दिसतात. पण त्यांतले बरेचसे परदेशी नमुन्यावरून उतरवलेले असतात. तीन पानं, इंग्रजी मजकूर, मधोमध कुठेतरी ‘तुम्हाला काही अ‍ॅलर्जी आहे का? हो / नाही’ आणि शेवटी ‘काही झाल्यास सलून जबाबदार नाही’ अशा अर्थाचं एक वाक्य. ग्राहक ‘नाही’वर खूण करते, सही करते आणि फॉर्म फाइलमध्ये जातो. हा फॉर्म मालकाच्या समाधानासाठी आहे. ग्राहकाच्या कातडीला त्याचा काही उपयोग नाही.

‘अ‍ॅलर्जी आहे का?’ या प्रश्नाला बहुतेक जणी मनापासून ‘नाही’ म्हणतात, कारण डॉक्टरने तसं सांगितल्याशिवाय स्वतःला अ‍ॅलर्जी आहे असं कुणी मानत नाही. म्हणून निदान विचारायचं नाही, घडलेली गोष्ट विचारायची. माझ्या मते चांगल्या फॉर्मचा पहिला प्रश्न असा हवा:

‘केसांचा रंग, काळी मेंदी किंवा मेंदीचा कोन लावल्यानंतरच्या तीन-चार दिवसांत कधी खाज, पुरळ, फोड किंवा सूज आली होती का? कुठे?’

या एका वाक्यात तीन गोष्टी साधल्या आहेत. ‘नंतरच्या तीन-चार दिवसांत’ हे शब्द उशिरा येणाऱ्या त्रासाची आठवण जागी करतात. ‘कुठे’ विचारल्यामुळे नुसत्या ‘नाही’वर सुटका होत नाही, क्षणभर आठवावं लागतं. आणि काळ्या मेंदीचं नाव मुद्दाम घातलं आहे, कारण खरा धागा तिथेच सापडतो.

मेंदीच्या पानांचा रंग केशरी चढतो आणि एक-दोन दिवसांत गडद तांबूस होतो. काळाभोर तो कधीच होत नाही. जत्रेत किंवा लग्नघरी तासाभरात काळी होणारी ‘मेंदी’ मिळते, तिच्यात बहुधा पॅरा-फिनिलीनडायअमाईन घातलेलं असतं. व्यवहारात त्याला पीपीडी म्हणतात. टिकाऊ काळ्या आणि तपकिरी केसरंगांतलं हेच मुख्य द्रव्य. रंगाच्या डब्यात ते बेताने आणि मोजून घातलेलं असतं. युरोपात तर डोक्यावर लावायच्या तयार मिश्रणात ते 2 टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. कोनात किती टाकलंय याला कुणाचाच धरबंध नसतो, आणि ते तासन् तास उघड्या कातडीवर राहतं. त्यामुळे अ‍ॅलर्जीची सुरुवात कितीदा तरी हातावरच्या नक्षीत होते आणि तिचा तडाखा काही वर्षांनी केसांच्या रंगातून बसतो. युरोपातल्या केसरंगांच्या डब्यांवर तर सरळ इशाराच असतो, की पूर्वी काळ्या मेंदीच्या टॅटूने त्रास झाला असेल तर हा रंग लावू नका.

आता हा प्रश्न प्रत्यक्ष खुर्चीपाशी कसा काम करतो ते पाहू. समजा, सांगलीजवळच्या एका गावातल्या दोन खुर्च्यांच्या पार्लरमध्ये चव्वेचाळीस वर्षांच्या एक शिक्षिका पहिल्यांदा आल्या आहेत. पुतण्याचं लग्न पंधरा दिवसांवर आलं आहे. आजवर घरीच पाकिटातली मेंदी लावत आल्या. या वेळी तपकिरी रंग हवा आहे. चष्मा घरी राहिला आहे, म्हणून पार्लरवाली शेजारी बसून प्रश्न वाचते आणि उत्तरं लिहिते. (गावात फॉर्म असाच भरला जाणार, हे धरूनच तो छापावा. प्रश्न तोंडी विचारता येतील इतके साधे हवेत.)

“मॅडम, कशाची अ‍ॅलर्जी वगैरे?”

“छे गं, मला काही नाही होत.”

मग ती काळ्या मेंदीचा प्रश्न वाचते. मॅडम थांबतात. “मागच्या वर्षी भाचीच्या डोहाळजेवणाला त्या कोनवालीकडून काढून घेतली होती. दोन-तीन दिवसांनी नक्षीवर बरोबर फोड आले. पण ते उन्हानं झालं असणार.”

इथे पार्लरवालीने आणखी तीन गोष्टी विचारून लिहायच्या: किती दिवसांनी सुरू झालं, किती दिवस राहिलं, मागे डाग राहिला का. उत्तरं येतात: दोन दिवसांनी, दहा-बारा दिवस, आणि हो, नक्षीचा पांढुरका ठसा महिनाभर होता. फोड नक्षीच्या रेषेवरच उठले म्हणजे ऊन नाही. ऊन रेषा ओळखत नाही.

आता रंग लावायचा नाही, इतकंच नाही, तर पार्लरमध्ये पॅच टेस्टही करायची नाही. पूर्वी फोड आलेल्या माणसावर तेच द्रव्य पुन्हा टेकवून पाहणं हे पार्लरचं काम नाही. ते त्वचारोगतज्ज्ञाकडे व्हायला हवं. तिथे पाठीवर ठरावीक द्रव्यांच्या छोट्या पट्ट्या चिकटवतात, त्यात पीपीडी मलमात मिसळून 1 टक्का एवढंच असतं. दोन दिवसांनी पट्ट्या काढतात आणि त्या दिवशी व पुन्हा एक-दोन दिवसांनी जागा तपासतात.

मॅडमचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: “मग अमोनिया नसलेला लाव की.” हा गैरसमज इतका पसरला आहे की पार्लर चालवणाऱ्याही तो ग्राहकाच्या गळी उतरवतात. अमोनिया हा केसाचा बाहेरचा थर उघडण्यासाठी असतो. वास आणि चुरचुर त्याची. रंग चढवणारं द्रव्य वेगळं. अमोनिया नसलेल्या डब्यातही पीपीडी असू शकतं, किंवा त्याच्या जवळचं टोल्युइन-2,5-डायअमाईन असतं, आणि पीपीडी न चालणाऱ्या अनेकांना तेही चालत नाही. डब्याच्या पुढच्या बाजूला काय लिहिलंय ते सोडून मागची घटकांची यादी वाचायची, हा एकच मार्ग आहे. ‘हर्बल काळी मेंदी’ अशा पाकिटांनाही हेच लागू. मेंदीने केस काळे झाले असतील तर पाकिटात मेंदीशिवाय दुसरं काहीतरी आहे. ते निळीच्या झाडाच्या पानांची पूड असेल तर ठीक. पण स्वस्तातल्या पाकिटांत ते बऱ्याचदा पीपीडीच असतं.

लग्नापुरता मार्ग निघतो. नुसत्या पानांची मेंदी आणि तिच्यावर नीळ असे दोन टप्पे, पांढऱ्या केसांवर आधी केशरी आणि मग गडद. वेळ लागतो, पार्लरच्या रंगासारखी एकसारखी छटा येत नाही, आणि तीसुद्धा आधी थोडी लावून पाहावी. किंवा केसांवर वरून बसणारा, शाम्पूने धुऊन जाणारा तात्पुरता रंग, तोही घटक वाचूनच. पार्लरवालीचं त्या दिवशीचं मोठं बिल बुडतं हे खरं आहे.

आता दुसरी ग्राहक घ्या, जिला पूर्वी काहीच झालेलं नाही. तिच्यासाठी फॉर्मवर पॅच टेस्टची एक ओळ असते: कुठला रंग, कुठली छटा, किती तारखेला, किती वाजता लावला, कधी पाहिला, काय दिसलं. आपल्याकडे पीपीडी असलेल्या केसरंगाच्या डब्यात ही चाचणी करण्याची सूचना देणं कायद्यानेच बंधनकारक आहे. ती बारीक अक्षरांतली घडी बहुतेक वेळा डबा उघडताच कचऱ्यात जाते, म्हणून इथे सविस्तर सांगते. कानामागची किंवा कोपराच्या आतल्या बाजूची जागा साबण-पाण्याने धुऊन कोरडी करायची. ज्या प्रमाणात डोक्याला लावणार त्याच प्रमाणात थोडासा रंग कालवायचा आणि टिकलीएवढा ठिपका ठेवायचा. वाळू द्यायचा, झाकायचा नाही. डब्यावरची सूचना चोवीस तासांनी धुऊन पाहायला सांगते. पण त्रास उशिरा येतो हे लक्षात घेतलं तर अठ्ठेचाळीस तास थांबणं शहाणपणाचं. लाली, खाज, फुगवटा, बारीक फोड यांपैकी काहीही दिसलं की रंग रद्द. याच सूचनेत आणखी एक वाक्य असतं, की ही चाचणी दर वेळी करावी. आणि भुवया-पापण्यांना हा रंग लावू नये, अंधत्वही येऊ शकतं, असाही इशारा असतो. तरीही ‘आयब्रोला जरा टच कर ना’ अशी मागणी होते आणि ती पुरवलीही जाते.

‘मी दहा वर्षं हाच रंग लावते’ हे वाक्य इथे हमखास ऐकू येतं. दहा वर्षं काही न होता अकराव्या वर्षी अ‍ॅलर्जी होते, हे या द्रव्याचं वैशिष्ट्यच म्हणा. शरीर आधी बिनतक्रार सोसतं आणि एका टप्प्यावर त्याचा हिशेब बदलतो. उलट, ठिपका स्वच्छ निघाला म्हणजे शंभर टक्के निर्धास्त, असंही नाही. टिकलीएवढ्या जागेवर न दिसलेली गोष्ट पूर्ण डोक्यावर दिसू शकते. म्हणून ग्राहकाला जाताना एवढं सांगायचं: रंग लावताना चुरचुरलं आणि धुतल्यावर थांबलं तर ती साधी आग. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खाज सुरू होऊन वाढत गेली, पापण्या जड झाल्या, तर ती अ‍ॅलर्जी. डॉक्टरांना दाखवा आणि आम्हालाही कळवा. ओठ-जीभ सुजली किंवा श्वास लागला तर थेट दवाखाना. हे तीन वाक्यांत फॉर्मच्या तळाशी छापून ती पट्टी फाडून ग्राहकाला द्यावी. घरी गेल्यावर तोंडी सांगितलेलं कुणाला आठवतं?

रंगाचं एवढं लांबवलं, कारण धोका तिथे सर्वांत जास्त आहे. बाकीचे प्रश्न चारेक पुरतात.

टिकली, चिकटपट्टी किंवा खोट्या दागिन्यांनी कातडीला खाज किंवा डाग पडतो का, हा त्यांपैकी एक. चिकटपट्टीच्या गोंदात आणि वॅक्समध्ये पाइनच्या झाडाची राळ असू शकते, त्यामुळे पट्टीने लाल होणाऱ्या बाईला वॅक्स आधी हातभर जागेवर लावून पाहावं. टिकलीच्या गोंदातल्या एका रसायनाने तर कपाळावर पांढरा डाग पडतो. असा डाग असलेल्या जागी ब्लीच, फेशियल काहीही न करता आधी डॉक्टर गाठायला सांगावं.

मुरुमांसाठी किंवा डागांसाठी गोळी किंवा रात्रीचं क्रीम चालू आहे का, हा वॅक्सिंग आणि थ्रेडिंगसाठीचा प्रश्न. आयसोट्रेटिनॉइनची गोळी घेणाऱ्यांची कातडी इतकी नाजूक होते की वॅक्सच्या पट्टीबरोबर वरचा थर सोलून निघतो. गोळी चालू असताना आणि थांबवल्यावरही सहा महिने वॅक्सिंग नको, असा सल्ला डॉक्टर देतात. कॉलेजच्या मुली नेमकी हीच गोळी घेत असतात आणि ‘औषध काही चालू आहे का?’ या प्रश्नाला ‘नाही’ म्हणतात, कारण मुरुमांची गोळी त्यांच्या लेखी औषध नसते. प्रश्नात ‘मुरुम’ हा शब्द हवा, आणि नाव आठवत नसेल तर पाकिटाचा फोटो दाखवा, अशी सूचना.

दमा आहे का हे ब्लीचसाठी विचारायचं. केस हलके करणाऱ्या ब्लीचच्या पुडीतल्या परसल्फेटमुळे काहींना लगेच अंगावर पित्त उठतं, दम लागतो. हा त्रास पीपीडीसारखा दोन दिवस थांबत नाही, खुर्चीतच होतो.

आणि गेल्या दोन वर्षांत केसांना काय काय लावलं? दोन वर्षं अशासाठी की केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतो; खांद्याखाली गेलेल्या केसाच्या टोकाला दोन वर्षांपूर्वीचं पाकीटही अजून आहे. काही पाकिटांत धातूंचे क्षार असतात आणि त्यांच्यावर पेरॉक्साइड पडलं की केस गरम होऊन तुटतात. शंका आली तर चार केस कापून वाटीत पेरॉक्साइड आणि थोड्या अमोनियात अर्धा तास ठेवावेत. बुडबुडे, ऊब किंवा विचित्र रंग दिसला तर त्या डोक्यावर रंगाचं काम करू नये.

गरोदर आहात का, हा प्रश्नही फॉर्ममध्ये असावा, पण तो लिहूनच घ्यावा. पार्लरमध्ये पाच बायका बसलेल्या असतात, त्यांतली एक नात्यातली निघते, आणि घरी अजून सांगितलं नसलेली बातमी थ्रेडिंग होईपर्यंत गल्लीत पोचते. चष्मा विसरलेल्या बाईलाही हा प्रश्न मोठ्याने वाचून दाखवू नये. बोट ठेवून दाखवावा.

आवडीनिवडीचा भाग फॉर्मचा सगळ्यांत दुर्लक्षित कोपरा. तिथे सहसा ‘चहा / कॉफी’ असलं काहीतरी असतं. पार्लरमधली भांडणं मात्र चहावरून होत नाहीत, ती दोन गोष्टींवरून होतात: भुवई आणि इंच. ‘थोडं बारीक कर’ म्हणणाऱ्या दोन बायकांच्या मनातली भुवई वेगवेगळी असते, आणि तोडलेली भुवई परत यायला कित्येक आठवडे जातात. फॉर्मवर भुवईच्या तीन आकृत्या छापाव्यात आणि एकीवर खूण करून घ्यावी; शेजारी ‘कमान वर नको’ असं तिच्याच शब्दांत. केसांसाठी इंच लिहू नये. केस ओला असताना लांब दिसतो आणि वाळला की आखडतो, कुरळा तर फारच. ‘वाळल्यावर हाताला इथपर्यंत’ असं ठरवून खांदा, काख, कोपर यांपैकी एक लिहावं. याशिवाय गप्पा नकोत, डोक्याला जोरात दाबू नका, तेलाचा वास चालत नाही, हे एका ओळीत. ग्राहकाला दुसऱ्या वेळी पुन्हा सांगावं लागलं नाही की तिला बरं वाटतं, आणि हेच काम नव्याने लागलेल्या मुलीलाही त्या कागदावरून करता येतं.

फोटोची संमती हा आता वेगळाच विषय झाला आहे. पार्लरची जाहिरात म्हणजे आधीचा आणि नंतरचा फोटो. नंतरच्या फोटोला सहसा कुणाची हरकत नसते. तक्रार येते ती आधीच्या फोटोबद्दल. मुरुमांचे डाग, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, ओठांवरची लव, आणि शेजारी मेकअप केलेला चेहरा. नवरीला हळदीच्या दिवशी ‘मॅम, एक रील काढते हं’ म्हटलं तर ती मान हलवते. तिचं लक्ष मुहूर्ताकडे असतं. आठ दिवसांनी सासरच्या ग्रुपवर तोच बिनमेकअपचा चेहरा फिरतो, आणि मग फोन येतो. म्हणून नवरीची संमती मेकअपच्या ट्रायलच्या दिवशीच, निवांतपणे घ्यावी.

एकच ‘फोटो काढायला हरकत नाही’ अशी ओळ इथे कामाची नाही, कारण तिच्यात चार निरनिराळे फोटो दडलेले असतात. पार्लरच्या नोंदीसाठी, म्हणजे पुढच्या वेळी तीच छटा जुळवता यावी म्हणून काढलेला. दुकानात दुसऱ्या ग्राहकाला मोबाइलवर दाखवायचा. व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवर टाकायचा. आणि इन्स्टाग्रामवर कायमचा टाकायचा. प्रत्येकापुढे स्वतंत्र ‘हो’ आणि ‘नाही’ हवं, आणि त्याच्याखाली चेहऱ्यासह की फक्त मागून केस, नाव टॅग करायचं की नाही. सांगलीजवळच्या आपल्या शिक्षिकांनी पहिल्याला ‘हो, मागून’ म्हटलं आणि बाकी तिन्हींना ‘नाही’. शाळेतली अर्धी मुलं इन्स्टाग्रामवर आहेत, एवढं कारण त्यांना पुरलं.

आधीच खूण करून छापलेला फॉर्म संमती धरता येत नाही. भारताचा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 2023 मध्ये संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि व्यवसायांवरच्या मुख्य जबाबदाऱ्यांसाठी अठरा महिन्यांची मुदत ठेवली आहे. या कायद्यातली संमतीची व्याख्या पार्लरने भिंतीवर लावावी इतकी सरळ आहे. संमती मोकळेपणाने दिलेली हवी, ठरावीक कामापुरती हवी, माहिती देऊन घेतलेली हवी, कुठल्याही अटीला बांधलेली नको, आणि ती स्पष्ट कृतीतून दिसायला हवी. देणं जितकं सोपं तितकंच परत घेणंही सोपं हवं. ग्राहकाला ही माहिती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या तिला हव्या त्या भाषेत मिळायला हवी, म्हणजे मराठीत मागण्याचा तिला हक्क आहे. अठरा वर्षांखालच्या मुलीसाठी पालकांची खात्रीशीर संमती लागते. दहावीच्या निरोपसमारंभाला तयार व्हायला आलेल्या मुलीची स्वतःची सही चालत नाही. नुसता कागद खणात पडून असेल तर हा कायदा त्याला लागत नाही. पण त्याच कागदाचा फोटो मोबाइलमध्ये गेला की लागतो, आणि ग्राहकाचा फोटो तर जन्मतःच मोबाइलमधला. पॅच टेस्टनंतर ‘बघ गं, ठीक आहे ना’ म्हणून तिने कानामागचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला, तर तोही नोंद झाल्यावर पुसायचा; तिने तो जाहिरातीला दिलेला नाही.

‘फोटो दिलात तर हेअर स्पा फुकट’ ही सवलत मला खटकते. स्पा हवा म्हणून दिलेला होकार कितपत मोकळा, हा प्रश्न उरतोच. सवलत द्यायचीच असेल तर ती फोटो न देणाऱ्यालाही द्यावी.

फोटोच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी फॉर्म भरूनही हुकतात. पहिली म्हणजे आरसा. पार्लरच्या तिन्ही भिंतींना आरसे, त्यामुळे एका बाईच्या संमतीच्या फोटोत मागे फेशियलचा लेप लावून पडलेली दुसरी दिसते, जिला कुणी काही विचारलेलं नसतं. आरसा नसलेली एक भिंत ठरवून फोटो फक्त तिथेच काढावा. दुसरी म्हणजे कुणाच्या मोबाइलमध्ये. काम शिकणारी मुलगी स्वतःच्या फोनवर फोटो काढते, वर्षभराने नोकरी सोडून स्वतःचं पार्लर टाकते आणि तेच फोटो तिच्या पानावर झळकतात. ग्राहकाने संमती पहिल्या पार्लरला दिली होती. फोटो दुकानाच्या फोनवरच काढायचे, हे नोकरीवर घेतानाच बजावावं.

संमती मागे घेतली तर काय, हेही फॉर्मवर आधीच लिहिलेलं असावं: कोणत्या नंबरवर कळवायचं, किती दिवसांत पोस्ट काढणार. आणि खरं तेच लिहावं. आपल्या पानावरून फोटो काढता येतो. तोवर कुणी उतरवून घेतला असेल तर तो परत आणता येत नाही. हे वाचून एखादी ‘नाही’वर खूण करेल. करू द्यावी.

कागद ठेवायचा कुठे? कुलपाच्या खणात, मोबाइल नंबरच्या शेवटच्या तीन आकड्यांनुसार लावून. आडनावापेक्षा ते लवकर सापडतं आणि फाइल उघडली तरी शेजारणीला नावं वाचता येत नाहीत. आधार नंबर, पूर्ण जन्मतारीख, घरचा पत्ता यांची पार्लरला गरज नाही, म्हणून विचारूच नये. ऑफरचे मेसेज पाठवायचे असतील तर त्याची खूण वेगळी.

फॉर्मच्या मागच्या बाजूला प्रत्येक भेटीची एक ओळ: तारीख, काय केलं, रंगाचा नंबर आणि प्रमाण, कुणी केलं, आणि एक छोटा रकाना, ‘मागच्या वेळेनंतर नवीन काही?’ नवं औषध, नवा त्रास, बाळंतपण, मत बदललेला फोटो, सगळं त्यातच येतं. सांगलीच्या मॅडमचा रिपोर्ट आला, पीपीडीला स्पष्ट अ‍ॅलर्जी. डॉक्टरांनी त्यांना एक कार्डही दिलं, कारण हीच अ‍ॅलर्जी असलेल्या काहींना भूल देणाऱ्या बेन्झोकेनसारख्या औषधांनी किंवा गडद कपड्यांच्या काही रंगांनीही त्रास होतो, आणि ते दातांच्या डॉक्टरला आधी सांगावं लागतं. त्या कार्डवरची ओळ पार्लरवालीने मॅडमच्या फॉर्मवर सगळ्यांत वर लाल पेनने उतरवली, आणि तिच्या हाताखालच्या दोघींना ती वाचून खाली सही करायला लावली.